शब्दचर्चा : ‘स्कीमा मार्कअप’ला मराठीत काय म्हणावे?

अनुस्वार : आमच्या बागकामाच्या संकेतस्थळावर नव्याने येणाऱ्या संपादकांसाठी मी एक मार्गदर्शिका लिहीत आहे. लेखाच्या पानात शोधयंत्राला कळेल अशा रीतीने जी माहिती वेगळी भरायची असते, तिला सगळे ‘स्कीमा मार्कअप’ म्हणतात आणि तिच्या आधारे शोधनिकालात जी अधिक माहितीची नोंद दिसू शकते, तिला ‘रिच स्निपेट’ म्हणतात. मी अनुक्रमे ‘आराखडा-चिन्हांकन’ आणि ‘समृद्ध उतारा’ असे लिहिले, तेव्हा पहिल्याच संपादिकेने विचारले की आराखडा कशाचा काढायचा, पानाचा की बागेचा? वाचताक्षणी अर्थ पोहोचेल असे शब्द सुचवावेत.

हिशेबनीस : मार्कअपसाठी आमच्या दुकानदारीत ‘चढावा’ म्हणतात. खरेदी किमतीवर २० टक्के चढावा लावला की विक्रीची किंमत निघते. तुमच्या संकेतस्थळावर रोपे विकत असाल, तर हाच शब्द पुरेसा आहे.

जुळारी : हिशेबनीस, इथला मार्कअप तुमच्या गल्ल्यातला नसून आमच्या छापखान्यातला आहे. हस्तलिखित जुळणीला जाण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात खुणा करून देत असे : ही ओळ ठळक घ्या, हा परिच्छेद आत सरकवा, इथे १२ पॉइंटाचा टाइप वापरा. त्या खुणा केवळ जुळाऱ्यासाठी असत आणि छापलेल्या पानावर त्यांचा मागमूस नसे. संगणकवाल्यांनी हाच शब्द उचलला, म्हणून माझे मत ‘खूण’ या साध्या शब्दाला आहे. ‘चिन्हांकन’ म्हटले की लोकांना रंगाचा डबा घेऊन झाडांवर आकडे टाकणारे आठवतात.

कंसातला : जुळारीकाकांची व्युत्पत्ती बरोबर आहे, पण ती अर्ध्याच प्रकाराला लागू पडते. पूर्वी ही माहिती पानातल्या मजकुरालाच चिकटवली जाई, म्हणजे शीर्षकाच्या टॅगमध्ये `itemprop="headline"` असे लिहिले जाई. ती खरोखर खूण होती. आता बहुतेक जण JSON-LD या पद्धतीने लिहितात, ज्यात दिसणाऱ्या मजकुराला हात न लावता पानाच्या कोडमध्ये एक वेगळा तुकडा ठेवला जातो. ग्रंथालयात पुस्तकावर काही न लिहिता खणातल्या तालिकापत्रावर शीर्षक, लेखक आणि वर्ष लिहून ठेवत, तसाच हा प्रकार आहे. म्हणून मी ‘नोंद’ म्हणेन.

‘स्कीमा’चे भाषांतर मात्र ‘आराखडा’ करू नये. हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ ‘आकार’ असा आहे हे खरे, पण इथे तो schema.org वरून आला आहे. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ च्या जूनमध्ये एकत्र येऊन कोणत्या गोष्टीला कोणते नाव द्यायचे याची एक सामाईक यादी तयार केली, तीच ही. त्यामुळे अर्थाने ती ‘ठरलेल्या नावांची यादी’ आहे. लेखाची नोंद अशी दिसते :

```html
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "Article",
  "headline": "कुंडीतील कढीपत्त्याची छाटणी",
  "inLanguage": "mr",
  "datePublished": "2024-03-05T09:00:00+05:30",
  "author": {
    "@type": "Person",
    "name": "लेखिकेचे नाव"
  }
}
</script>
```

डावीकडची नावे यादीतलीच हवीत, कारण ‘शीर्षक’ असे लिहिले तर यंत्राला त्याचा बोध होणार नाही. उजवीकडचा मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा.

अनुस्वार : म्हणजे आमची चूक इथेच असावी. आमच्या संपादिकेने मराठीचा अभिमान बाळगून तारीखही ‘२०२४-०३-०५’ अशी देवनागरी अंकांत लिहिली होती आणि लेखिकेच्या नावामागे ‘डॉ.’ लावले होते.

कंसातला : तारीख चुकलीच. तिथे 2024 हेच अंक लागतात, नाहीतर गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये ती अवैध ठरते. शेवटचे +05:30 म्हणजे भारतीय वेळ, तेही सोडू नये. `name` मध्ये फक्त नाव लिहावे, ‘डॉ.’, ‘श्री.’, ‘लेखन :’ असे काही तिथे नको, असे गूगलची सूचनाच सांगते. उपाधी द्यायचीच असेल, तर तिच्यासाठी `honorificPrefix` हे वेगळे नाव आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. तुमची मार्गदर्शिका लेखन-प्रणालीत तयार होत असेल, तर सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात. ती तशीच चिकटवली की डावीकडचे एखादे नाव चुकल्यासारखा किरकोळ दोष न राहता अख्खा तुकडा वाचता येईनासा होतो. पान मात्र वाचकाला पूर्वीसारखेच दिसते, त्यामुळे चाचणी केल्याशिवाय हे कळत नाही.

तुळशीवृंदावन : शब्द कोणताही घ्या, पण प्रश्नोत्तरांची नोंद अवश्य करा. मी २०२२ मध्ये माझ्या लोणच्यांच्या पानावर चार प्रश्न घातले, तेव्हा गूगलमध्ये दुव्याखालीच ते प्रश्न उघडता येत होते. या नोंदीने क्रमांक वर चढतो.

कंसातला : ताई, तुम्ही पाहिलेले खरे आहे, पण ते त्या काळापुरते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गूगलने जाहीर केले की प्रश्नोत्तरांचे ते रूप यापुढे नामांकित, अधिकृत अशा सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरतेच दाखवले जाईल. लोणची कितीही आरोग्यदायी असली तरी त्यात बसत नाहीत. नोंद ठेवली म्हणून काही बिघडत नाही. मात्र तिच्यामुळे क्रमांक वाढतो ही समजूत चुकीची आहे. लेखाच्या नोंदीबाबतही चित्र किंवा तारीख दाखवायची की नाही, हे शोधयंत्रच ठरवते.

जुळारी : मग ‘समृद्ध उतारा’ हा शब्द फसवा आहे. अनुस्वार यांनी ‘दिसू शकते’ असे लिहिले आहे, ते मार्गदर्शिकेतही तसेच ठेवावे. बाकी ‘स्निपेट’ला आपल्याकडे ‘कात्रण’ हा नेमका शब्द आहे. इंग्रजीतही मूळ क्रिया कात्रीने कापण्याचीच आहे.

कंसातला : साध्या स्निपेटला ‘कात्रण’ उत्तम, कारण तिथे यंत्र पानातल्याच दोन ओळी कापून दाखवते. रिच प्रकारात मात्र तुम्ही भरून दिलेल्या नोंदीवरून निकालाची मांडणी बदलते, म्हणजे कापणे कमी आणि जुळवणे अधिक.

जुळारी : जुळवणे म्हटल्यावर मी काय बोलणार! तरी ‘सजवलेले कात्रण’ला माझा आग्रह राहील.

अनुस्वार : मी ‘माहिती-नोंद’ घेते आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘स्कीमा मार्कअप’ हेही देवनागरीत देते, कारण संपादिकेला साधनांमध्ये तेच नाव दिसणार आहे. ‘सजवलेले कात्रण’ अजून पटलेले नाही. आता प्रश्न प्रश्नोत्तरांच्या नोंदीचा, म्हणजे `FAQPage` चा. आमच्याकडे ‘वाचकांचे प्रश्न’ असे सदर आहे, त्यात एकाच्या प्रश्नाला पाच वाचक उत्तरे देतात. त्याला हीच नोंद चालेल का?

कंसातला : नाही, आणि इथे मराठी शब्दच घोळ करतो. आपण दोन्हींना ‘प्रश्नोत्तरे’ म्हणतो. `FAQPage` मध्ये प्रश्नही संपादकांनी मांडलेला असतो आणि त्याला त्यांचेच एक उत्तर असते. वाचकांना उत्तरे देता येतात अशा एका प्रश्नाच्या पानासाठी `QAPage` आहे. पहिल्याला ‘नेहमीचे प्रश्न’ आणि दुसऱ्याला ‘वाचकांची प्रश्नचर्चा’ म्हटले, तर संपादिका चुकणार नाही. दोन्हींत एक अट समान आहे : नोंदीतला प्रश्न आणि उत्तर पानावरही वाचकाला दिसले पाहिजे.

तुळशीवृंदावन : माझ्या पानावरचे प्रश्न मी मागच्या वर्षी जागेअभावी काढून टाकले, नोंद मात्र तशीच आहे. ती आजच काढते. पण लेखिका टोपणनावाने लिहीत असेल, तर `Person` लिहावे की संकेतस्थळाचे नाव देऊन `Organization`?

कंसातला : पानावर जे नाव छापले आहे, तेच द्यावे, असे मी करतो. टोपणनाव असले तरी लिहिणारी व्यक्तीच आहे, म्हणून `Person`.

जुळारी : आणि तीन मैत्रिणी मिळून एकाच टोपणनावाने लिहीत असतील तर?