पहिली नोकरी, बाजूला ठेवलेले पैसे शून्य, मग सोनं किती घ्यायचं?

सांगली_ते_हिंजवडी:
पहिलीच नोकरी आहे, हातात ३१ हजार येतात. पुण्यातला खर्च १९, घरी ५ पाठवते, उरतात ७. अडीनडीला म्हणून बँकेत काहीच नाही. आई म्हणते सराफाकडे ११ महिन्यांची सोन्याची भिशी लाव, महिना ५ हजार, वर्षाच्या आत अंगठी होईल. किती सोनं पुरे? की आत्ता घेऊच नको?

नानाची_पेठ:
घे गं बिनधास्त. आईचं ऐक. आमच्या घरात माझ्या शिक्षणाची फी, वडिलांचं ऑपरेशन, सगळं आईच्या पाटल्यांवर निघालंय, पाटल्या चार वेळा बँकेत गेल्या आणि चार वेळा घरी आल्या. एफडी एफडी करणाऱ्यांनी दोन-तीन वर्षांत सोन्याने काय मारली ते बघावं. सोनं हाच इमर्जन्सी फंड, आणखी वेगळा काय करायचा?

काउंटरवरचा:
मी १२ वर्षं पेढीवर काउंटरला होतो, आता सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. सोनं वाईट नाही, पण घेतानाचा भाव आणि मोडतानाचा भाव यात जे अंतर आहे ते पहिल्या वर्षी कमावणाऱ्याला कोणी सांगत नाही. हिशोब सोपा पडावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू. ५ ग्रॅमची अंगठी, सोन्याचे झाले ५०,०००. घडणावळ १२ टक्के, म्हणजे ६,०००. त्या ५६,००० वर ३ टक्के जीएसटी, १,६८०. बिल ५७,६८०. आता दोन महिन्यांनी नोकरी गेली आणि तू तीच अंगठी घेऊन आलीस, भाव तोच आहे. घडणावळ गेली, जीएसटी गेला, वर रोकड पाहिजे म्हटल्यावर २ टक्के घट धर, हातात ४९,०००. भाव १ रुपयाने न पडता ८,६८० गेले! भाव साधारण ११,७७० ला पोचेल तेव्हा तुझे तुला परत मिळतात. आणि १२ टक्के मी साध्या अंगठीचे धरलेत, नाजूक कामाला याच्या दुप्पट लावतात.

दुसऱ्या दागिन्यात बदलून घेतलंस तर घट बहुतेक लावत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं सोन्याला पूर्ण भाव मिळतो. खरा भाव कळतो तो रोख मागितल्यावर. पावती आमच्याच दुकानची असेल तर एक बोलणं, दुसऱ्याची असेल तर मशीनवर ठेवा, मुशीत वितळवा, मग वजन बघू. गिऱ्हाईक समोर बसून मुशीकडे बघत असायचं, ते तोंड मला अजून आठवतं.

गणित_कच्चं:
अहो मग दागिना कशाला, सॉव्हरिन गोल्ड बाँड घ्यायचे ना. सरकारी आहेत, अडीच टक्के व्याज वर, घडणावळ नाही जीएसटी नाही. संपला विषय.

काउंटरवरचा:
दादा, फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन इश्यू आलेलाच नाही. जुने शेअर बाजारात मिळतात पण त्याला डिमॅट लागतं, आणि मुदत ८ वर्षांची. बाजारात विकायला गेलास तर त्या दिवशी घेणारा काय देतो त्यावर. घडणावळीचं म्हणणं बरोबर आहे तुझं, पण ते आता गोल्ड ईटीएफला, म्हणजे शेअर बाजारात युनिटने मिळणाऱ्या सोन्याला, लागू होतं. तिथे हजार रुपयांचंही सोनं घेता येतं, विकलं की एक-दोन दिवसांत पैसे खात्यात.

गणित_कच्चं:
बंद झाले?? मी गेल्या महिन्यात मेव्हण्याला सांगितलं घे म्हणून 😅

सौ_रत्नागिरी:
मुलीच्या लग्नासाठी म्हणाल तर निदान १० तोळे हवंच. आमच्याकडे आत्तापासून सुरुवात केलीय, मुलगी नववीत आहे. एकदम घ्यायला गेलं की दम लागतो.

सांगली_ते_हिंजवडी:
काकू, लग्नाचं नाही विचारलं मी, ते आई विचारते रोज 😄

हप्ता_सातवा:
भिशीचं माझं ऐक. ११ महिन्यांची, महिना ४ हजार, शेवटचा हप्ता दुकानाचा. सातव्या महिन्यात कंपनीने ४० जणांना काढलं त्यात मी. माझे २८ हजार दुकानात आणि खोलीचं भाडं द्यायचं होतं. दुकानात गेलो तर म्हणाले पैसे परत नाहीत, मुदत झाल्यावर जमलेल्या रकमेचा दागिना घ्या, बोनस मिळणार नाही. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. शेवटी मित्राकडून हातउसने घेतले आणि चार महिन्यांनी, ज्याला दागिना नकोच होता त्या माणसाने २८ हजारांचं कानातलं घेतलं. बहिणीला दिलं. ती खुश.

नानाची_पेठ:
हा भिशीचा दोष झाला, सोन्याचा नाही. दागिना हातात असता तर अर्ध्या तासात गोल्ड लोन मिळालं असतं. पगाराची स्लिप नको, जामीनदार नको. बेकार माणसाला दुसरं कोण उभं करतं?

काउंटरवरचा:
नाना, गोल्ड लोनचं बरोबर बोललात, आणि छोट्या कर्जाला, अडीच लाखांपर्यंत, रिझर्व्ह बँकेने मर्यादा किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत नेलीय, पूर्वी ७५ होती. पण ते कर्ज आहे. त्या ५ ग्रॅमच्या अंगठीवर जास्तीत जास्त ४२,५०० मिळतील, तेही बँकेने एवढे दिले तर. तुमच्या आईच्या पाटल्या परत आल्या कारण घरात कोणाचा तरी पगार चालू होता. या पोरीच्या बाबतीत पगार थांबणं हीच अडचण आहे, मग व्याज कशातून भरायचं? शिवाय पहिले ११ महिने तिच्याकडे अंगठी नाहीच, कार्ड आहे. कार्ड कोणी तारण ठेवत नाही. ईटीएफ आणि बिस्किटावरही सोनेतारण मिळत नाही, दागिना लागतो, नाहीतर नाणं.

आता मूळ प्रश्न. महिना ७ उरतात. नोकरी गेली तर तीन महिने काढायला १९ आणि ५ मिळून २४, म्हणजे ७२ हजार. भिशीचे ५ गेले तर बाजूला पडतात २, आणि ७२ व्हायला ३६ महिने लागतात. तीन वर्षं उघड्यावर. तेच ६ बँकेत आणि १ सोन्यात केलं तर १२ महिन्यांत काम होतं. म्हणून माझं उत्तर, पहिलं वर्ष महिना हजार, तेही ईटीएफमध्ये, म्हणजे लागलंच तर विकता येतं. ७२ पुरे झाले की मग आईची ५ हजारांची भिशी खुशाल लाव.

कोथरूडचा_भाडेकरू:
घरी पाठवायचे ५ कशाला धरता? नोकरी गेल्यावर घरचे समजून घेतील ना. १९ च्या तिप्पट ५७ हजार पुरे.

काउंटरवरचा:
ते तिच्या घरी विचारायला हवं. काही घरात त्या ५ हजारांतच किराणा येतो.

मधली_सून:
बहुतेक पुरुषच लिहिताय म्हणून एक गोष्ट राहतेय. बँकेत ७२ हजार आहेत हे घरात कळलं की ते ७२ हजार राहत नाहीत. माझ्या पहिल्या नोकरीत मी ४० हजार साठवले होते, दिराच्या गाडीच्या डाउन पेमेंटला गेले, परत आले नाहीत आणि मागायचं कोणाला? गळ्यातली साखळी मात्र कोणी मागितली नाही. मुलीच्या अंगावरचं सोनं काढून मागायला माणसं लाजतात, खात्यातले पैसे मागायला लाजत नाहीत. सांगलीच्या ताईची आई बहुतेक हेच सांगतेय, फक्त तिच्या शब्दांत. ८ हजार घडणावळ-जीएसटी-घटीत गेलेले परवडले, ४० गेलेले नाही.

काउंटरवरचा:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सुचतं की पगाराच्या खात्यापासून वेगळ्या बँकेत रिकरिंग लावावं, एसएमएस स्वतःच्या नंबरवर, आणि घरी आकडा सांगू नये. मोडायला वेळ लागत नाही, व्याज थोडं कापतात. पण घरी खोटं बोलायचं का हा तुमचा प्रश्न.

मधली_सून:
खोटं नाही हो, न सांगणं. फरक आहे 🙂 आणि अगदीच घ्यायचं असेल तर वेढणी घे, अंगठीपेक्षा मजुरी खूप कमी. माझी सासू दर पाडव्याला एक घ्यायची, जेवढं जमेल तेवढ्या वजनाची, आणि कपाटात नाही तर बोटात ठेवायची.

नानाची_पेठ:
तीन वर्षांनी भाव दुप्पट झाला की हीच पोरगी लिहील, नानांचं ऐकायला हवं होतं.

हप्ता_सातवा:
नाना, २०१२-१३ मध्ये १० ग्रॅमला ३० हजारांच्या वर घेतलेलं सोनं माझ्या काकांकडे होतं. २०१५ ला २५-२६ वर आलं तेव्हा त्यांना बोअरवेलसाठी मोडावं लागलं. सोनं पुढे चढलं हो, पण काका तोवर थांबू शकले नाहीत.

सांगली_ते_हिंजवडी:
सगळ्यांचं वाचलं. एक घोळ आहे. आत्ताच फोन झाला, आईने काल सराफाकडे माझ्या नावाने पहिला हप्ता भरून टाकलाय, ५ हजार, तिच्या भाजीच्या पैशातून साठवलेले. कार्डाचा फोटो पाठवला तिने, मागची बाजू नाही पाठवली. हप्ता कमी करता येतो का?

काउंटरवरचा:
आधी मागची बाजू माग. दोन गोष्टी बघ. मधे थांबलं तर रोख परत मिळते का, आणि दर महिन्याला रुपये जमा होतात की त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम. रुपये जमत असतील आणि भाव चढत गेला तर शेवटच्या फुकट हप्त्यातली गंमत निघून जाते. चालू कार्डाचा हप्ता सहसा बदलत नाहीत, पण काही दुकानात हजाराचं वेगळं कार्ड असतं. एकच दिवस झालाय, मालक ओळखीचा असेल तर रक्कम तिकडे वळवतो. आईला घेऊन जा. तुझ्यापेक्षा तिला नाही म्हणणं त्याला जड जाईल.

सांगली_ते_हिंजवडी:
ओळखीचा आहे, बाबांचा शाळेतला मित्र. तोच अडचणीचा भाग आहे. रविवारी जाते.