संचालक मंडळापुढे एमटीटीडी दाखवायचा का?

जळगावचा_सीआयएसओ: नागरी सहकारी बँकेत सायबर सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे. आतापर्यंत मंडळाला पहिली स्लाइड असायची 'फायरवॉलने ४२ लाख हल्ले अडवले'. ती काढून एमटीटीडी, म्हणजे घुसखोरी सरासरी किती वेळात लक्षात आली, हा आकडा ठेवावा म्हणतो. मागच्या तिमाहीत ११० तास होता, आता २१. दाखवू ना?

लॉगवाली: ४२ लाख काढलेत ते बरं केलंत. त्यातले बहुतेक इंटरनेटवरचे भटके स्कॅन असतात, नियम थोडा बदलला की ते दुप्पट होतात. पण २१ वरही मी लगेच विश्वास ठेवणार नाही. एकूण घटना किती होत्या?

जळगावचा_सीआयएसओ: मागच्या वेळी ९. त्यातल्या ८ तासाभरात सापडल्या. एक व्हेंडरच्या रिमोट खात्याची, ती ४१ दिवसांनी कळली. या वेळी ४९. ४८ तासाभरात, आणि पुन्हा एक व्हेंडर खातं, ४० दिवस. संख्या वाढली कारण पेनड्राइव्ह आणि अ‍ॅडवेअरही आता घटना म्हणून नोंदवतो.

लॉगवाली: मग उत्तर तुम्हीच दिलंत. ४० दिवस म्हणजे ९६० तास, त्यात ४८ मिळवा आणि ४९ ने भागा: २१. खरी घुसखोरी शोधण्यात एका दिवसाचा फरक पडला. बाकी सगळी सुधारणा पेनड्राइव्हची आहे.

रावेरकर_संचालक: मी केळीवाला, एका पतसंस्थेच्या मंडळावर आहे. एनपीएवर तासभर वाद झाल्यावर तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. एकच आकडा द्या भो, कमी झाला की बरं, वाढला की वाईट. ४२ लाख ऐकून निदान पैसे कुठे गेले ते तरी कळायचं.

मध्यकप्रेमी: सरासरीच चुकीची. मध्यक द्या. घुसखोरीचा तपास करणारी मँडियंट कंपनीही मध्यकच देते, २०२४ साठी जगभरात ११ दिवस.

लॉगवाली: यांच्याकडे दोन्ही तिमाहींचा मध्यक एक तास येईल! ज्या घटनेत बँक बुडू शकते तीच गायब. मँडियंटकडे तपासाला गंभीर घुसखोऱ्याच येतात, म्हणून त्यांना मध्यक चालतो. इथे आधी पेनड्राइव्ह वेगळे काढा. मग उरतात दोन घटना, आणि दोन घटनांना ना सरासरी लागते ना मध्यक.

नंदुरबारी: माझ्या काकांच्या खात्यातून ओटीपी विचारून पैसे गेले. तेही यात मोजतात का?

मध्यकप्रेमी: नाही दादा, तो वेगळा विषय. १९३० वर फोन करा, आत्ताच.

धुळे_तेलगिरणी: आमच्या टॅलीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं. सकाळी स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी दिसली. आयटीवाल्याने अहवालात लिहिलं, 'शोधायला लागलेला वेळ: ५ मिनिटं'. तो माणूस आत कधी शिरला ते शोधायला गेलो, तर विंडोजचे लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं त्याच्या नोंदी, आठवड्यापलीकडे शिल्लकच नव्हते.

लॉगवाली: हेच सगळ्यात जास्त फसवतं. घड्याळ अलर्टपासून सुरू केलं की आकडा मिनिटांत येतो. ते पहिल्या शिरकावापासून सुरू करायचं, म्हणजे लॉग तेवढे मागचे हवेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवस ठेवायला सांगितलेत. आठवड्याचेच असतील तर त्याआधीचा शिरकाव लॉगमधून सिद्धच करता येत नाही, आणि आकडा आपोआप देखणा दिसतो. ज्या सर्व्हरचे लॉग येतच नाहीत, तिथल्या घुसखोऱ्या तर मोजणीतच नाहीत. म्हणून एमटीटीडीच्या शेजारी किती सर्व्हर दिसतात तेही लिहा.

जळगावचा_सीआयएसओ: ६४ पैकी ३९.

लॉगवाली: मग तीच पहिली स्लाइड. दुसरीवर त्या दोन घटना: कधी शिरले, कधी कळलं, कोणी सांगितलं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी गेले. चोराला असे दोन दिवस पुरत असतील, तर ४० दिवसांचा अर्थ संचालकांना वेगळा सांगावा लागत नाही.

रावेरकर_संचालक: तो अर्थ आम्हाला कळेल, पण अध्यक्षांचा पहिला प्रश्न असेल, 'मग तुम्ही काय करत होता?' यांची नोकरी जायची. लिलावातही सगळा माल एका सरासरी भावात दाखवला की नाकारलेले घड लपतात, हे मला पटतं. पण घड लपवणारा व्यापारी टिकतो, हेही पाहिलंय.

लॉगवाली: उलट आधीच सांगून ठेवा: उरलेल्या २५ सर्व्हरचे लॉग सुरू केले की जुनं काहीतरी सापडेल आणि पुढच्या तिमाहीत आकडा बिघडेल. काम झाल्याची ती खूण. आकडा सुधारण्यावर यांचं मूल्यमापन बांधलंत तर जुनं खोदायला कोणीच जाणार नाही.

रावेरकर_संचालक: तुमचं मंडळ असं समंजस असेल. आमच्याकडे 'वाढला' एवढंच ऐकू येतं.

जळगावचा_सीआयएसओ: 'कोणी सांगितलं' या रकान्यात अडचण आहे. दोन्ही वेळा आमच्या यंत्रणेला कळलं नव्हतं. पहिली व्हेंडरने सांगितली, दुसरी शाखेतल्या कॅशियरने, रात्री दोनच्या लॉगिनची वेळ पाहून.

लॉगवाली: तसंच लिहा. कॅशियरचं पद घाला, नाव नको.