विषय: पासपोर्ट फोटो, केसांभोवतीची पिवळट कड जाईना

मेघना:
मंडळी, उद्या रात्रीपर्यंत फोटो अपलोड करायचाय. मागची क्रीम भिंत काढून पांढरं केलं, तर लेकीच्या कुरळ्या केसांभोवती पिवळट कड राहिली. कड कापली की केस हेल्मेटसारखे दिसतात. स्मरणिकेचे फोटो कोण करतं, नितीनदादाच ना?

अनिलकाका:
फेदर तीन पिक्सेल दे, संपला विषय. स्मरणिकेचे फोटो मीच केले होते, नितीनने फक्त अपलोड केले.

नितीन:
काका, श्रेय तुमचंच. पण फेदरने कड जात नाही, नुसती पसरते. बारीक केसाच्या पिक्सेलमध्ये अर्धा केस अर्धी भिंत असते, म्हणून कितीही नीट कापलं तरी भिंतीचा रंग सोबत येतोच.
मेघना, कापूच नकोस, भिंतच पांढरी कर. मूळ फोटो घे, गिंपमध्ये लेयरची कॉपी कर आणि कॉपीवर लेव्हल्समधल्या पांढऱ्या पिकरने केसांजवळच्या भिंतीवर क्लिक कर. समजा तिथे लाल-हिरवा-निळ्याचे आकडे 214, 205, 188 आहेत, तर ते तिन्ही 255 होतात आणि कडेच्या पिक्सेलमधली भिंतही तितकीच उजळते, केस काळाच राहतो. डाग उरले तर लेव्हल्समधले पांढऱ्याचे आकडे चार-पाचने खाली घे, जास्त घेतलंस तर बारीक बटा उडतील. चेहराही उजळेल, म्हणून कॉपीला काळा मास्क लाव आणि भिंत नि केसांची कड एवढ्यावरच पांढरा ब्रश फिरव. केसांत मऊ ब्रश, कान-खांद्यांशी कडक.

सुलभाताई:
माझे केस पूर्ण पांढरे, मी केलं तर डोकंच गायब होईल की!

नितीन:
ताई, हो, ही युक्ती गडद केसांचीच. तुम्ही फोटोच पुन्हा काढा.

प्रसाद:
पण एडिट केलेला फोटो चालतो का मुळात? काही देश सरळ नाही म्हणतात. आमच्या बाळाचा परत आला होता, कारण सावली. भिंतीपासून हातभर पुढे बसवून परत काढला, झालं.

अनिलकाका:
प्रसाद, बाळाचा विषय वेगळा. प्रश्न कडेचा आहे.

मेघना:
उजवीकडे जमलं! डावीकडे राखाडी राहिलं, तिथे सावली आहे.

नितीन:
मग डावीकडे वेगळी कॉपी, पिकर सावलीवर. शेवटी जे दिसतंय त्याचा एक लेयर सगळ्यात वर कर, लेव्हल्सचा काळा आकडा 240 कर, राहिलेला मळ लगेच काळा दिसेल. बघून झालं की तो लेयर काढून टाक. आणि प्रसाद म्हणतो ते आधी वाच, एडिट चालत नसेल तर हे सगळं फुकट.

मेघना:
वाचलं. बॅकग्राउंड बदलू नये असंच लिहिलंय 🙈 कोणाकडे मोठी पांढरी चादर आहे का, उद्या सकाळी?