फायबरमधला अ‍ॅम्प्लिफायर: 'भरपाई' म्हणावं का?

मिरजेची_मास्तरीण
डिप्लोमाच्या मुलांसाठी ऑप्टिकल फायबरवर मराठीत टिपणं काढतेय. एका वाक्यावर अडलेय: "लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये प्रकाशात जी घट होते तिची भरपाई अ‍ॅम्प्लिफायर करतो." तोंडी परीक्षेत चार पोरांनी ठासून सांगितलं की अ‍ॅम्प्लिफायर लावला की सिग्नल होता तसा होतो, त्यामुळे वाटेत शंभर लावले तरी चालतील. पोरांना काय बोलणार? भरपाई मिळाली म्हटल्यावर मागचा हिशेब मिटलाच की. दुसरा शब्द सुचवा.

आणखी एक. एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबींचे अनेक चॅनेल एकदम पाठवतात त्या डब्ल्यूडीएमसाठी आमच्या जुन्या टिपणात 'तरंगलांबी विभाजन बहुसंकेतन' आहे. ते वाचून मुलांना वाटतं की तरंगलांबीचेच तुकडे पाडायचे असतात.

शब्दप्रेमी_वाई
ताई, 'प्रवर्धक' हा शब्द चांगला रुळलेला आहे, तो सोडू नका. वाढवणारा तो प्रवर्धक, अर्थ स्वच्छ. घटीसाठी 'क्षीणन' घ्या. 'नुकसान' नको, ते बाजारातलं. माझ्या माहितीप्रमाणे प्रवर्धक आलेल्या प्रकाशाचं विजेत रूपांतर करतो, संदेश वाचतो आणि ताज्या प्रकाशाने पुढे पाठवतो. तेव्हा 'पुनःप्रक्षेपक' हा शब्दही चालावा.

विट्याचा_जॉइंटर
काका, ते अ‍ॅम्प्लिफायर नाही, रिपीटर झालं. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रकाशाची वीज कुठंच होत नाही. प्रकाश आत, प्रकाशच बाहेर. मी केबल जोडणारा माणूस, पुस्तकी मराठी येत नाही. पण साइटवर कुणी 'क्षीणन' म्हणत नाही. "लॉस किती आला?" एवढंच. आणि चॅनेलला आम्ही लॅम्बडा म्हणतो, नाहीतर सरळ कलर.

पलूसचा_ऊसवाला
लॉसचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या घरच्या फायबरच्या डब्यावर आठ दिवस 'लॉस'चा लाल दिवा लागतोय. कंपनीचं पोरगं आलं, म्हणालं लाइन लांब आहे. मग घरीच एक अ‍ॅम्प्लिफायर बसवला तर भरपाई होईल का? किती रुपयांना मिळतो?

विट्याचा_जॉइंटर
दादा, त्या दिव्यावर L-O-S ही तीन अक्षरं आहेत. सिग्नल हरवला, असा त्याचा अर्थ. ती घट नव्हे. घट थोडी असेल तर लाल दिवा लागत नाही, नेट फक्त रडतखडत चालतं. लाल लागला म्हणजे डब्याला वाचता येईल एवढा प्रकाशच पोचेना. बहुतेक कुठंतरी वायर दुमडली असेल, नाहीतर कनेक्टरच्या टोकावर घाण. आधी वायरचा पीळ सोडवा. टोकाला बोट लावू नका, आत डोकावून बघू नका. पोराला पॉवर मीटर घेऊन यायला सांगा. उणे 27 च्या खाली आकडा गेला असेल तर डबा बिचारा काय करणार.

टेंभूकाठ
ऊसवाले दादांच्या प्रश्नातच ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांच्या घरात एकच काडी येते, तरी डाउनलोड आणि अपलोड दोन्ही चालतं. साध्या जीपॉन जोडणीत येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, जाणारा 1310 चा. दोघे एकाच काचेतून समोरासमोर जातात, एकमेकांना अडत नाहीत. हेच डब्ल्यूडीएम, दोन रंगांपुरतं. आणि म्हणूनच घरी अ‍ॅम्प्लिफायर बसवून उपयोग नाही, कारण लांब पल्ल्याचा नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर साधारण 1530 ते 1565 एवढ्याच पट्ट्यात काम करतो. 1490 त्याच्या हद्दीबाहेर.

आता शब्द. पाटाचं पाणी पाळीने मिळतं: आज तुमच्या रानाला, उद्या माझ्या. एका तारेवर पाळीपाळीने बोलणं ही वेळेची वाटणी. डब्ल्यूडीएममध्ये पाळी नाही. सगळे एकदम बोलतात, प्रत्येकाचा रंग वेगळा. वाटणी होते ती काचेची, रंगाप्रमाणे. म्हणून मी वर्गात 'रंगवार वाटणी' म्हणायचो. गाववार, गटवार तसं रंगवार.

शब्दप्रेमी_वाई
'रंगवार' कानाला गोड आहे, पण 1550 चा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. न दिसणाऱ्याला रंग कसा म्हणायचा? शिवाय दोन शेजारी चॅनेलांत अंतर किती?

टेंभूकाठ
नेहमीच्या मांडणीत 100 गिगाहर्ट्झ, म्हणजे त्या पट्ट्यात सुमारे 0.8 नॅनोमीटर. तुमचा आक्षेप खरा आहे काका. विद्यार्थी 'रंग' ऐकून लाल-हिरवा शोधायला लागतो. माझ्याकडे तोड नाही.

पण ताईंची खरी अडचण 'भरपाई'ची आहे, तिच्याकडे वळतो. हा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे काही मीटर फायबरचं वेटोळं, काचेत एर्बियम नावाची धातू चिमूटभर मिसळलेली. बाजूने 980 नॅनोमीटरचा लेझर सोडतात, त्याला इंग्रजीतसुद्धा पंपच म्हणतात. पंप एर्बियमच्या कणांना वर चढवून ठेवतो. 1550 च्या आसपासचा सिग्नल शेजारून गेला की वर बसलेला कण खाली उतरतो आणि हुबेहूब तसाच प्रकाश त्याच्या जोडीला देतो. साउदॅम्प्टनमध्ये डेव्हिड पेन यांच्या गटाने 1987 मध्ये हे करून दाखवलं.

गोची अशी की वर बसलेले काही कण कुणी न बोलावता आपोआप उतरतात. तेही प्रकाश देतात, पण त्यात संदेश नसतो. तो गोंगाट. सिग्नलबरोबर तोही वाढतो, आणि पुढचा अ‍ॅम्प्लिफायर दोघांनाही सारखंच वाढवतो.

मिरजेची_मास्तरीण
सर, हे आकड्यांत दाखवता येईल का? 'गोंगाट येतो' एवढ्यावर पोरं ऐकत नाहीत.

टेंभूकाठ
सातारा ते सांगली 120 किलोमीटर फायबर धरा, जॉइंटसकट किलोमीटरला 0.25 डेसिबल घट. एकूण 30 डेसिबल. साताऱ्यात प्रत्येक चॅनेलला एक मिलिवॅट सोडला तर सांगलीत त्याचा हजारावा भाग उरतो.

पहिला मार्ग: वाटेत काही नाही, सांगलीतच 30 डेसिबलचा एक अ‍ॅम्प्लिफायर. सिग्नलची पॉवर पुन्हा एक मिलिवॅट. दुसरा मार्ग: कराडला 15 चा एक, सांगलीत 15 चा एक. सिग्नलची पॉवर पुन्हा एक मिलिवॅटच. 'भरपाई' दोन्हीकडे पूर्ण, रुपयाला रुपया.

आता सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते बघा. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा दोष 5 डेसिबल धरला तर ढोबळ हिशेब असा:

```
सांगलीत एकच :  58 − 30 − 5      = 23
कराड + सांगली:  58 − 15 − 5 − 3  = 35
```

शेवटचे 3 गेले कारण दुसऱ्या मार्गात गोंगाट करणारे दोन आहेत. तरी 12 डेसिबलचा फायदा, म्हणजे जवळजवळ सोळा पट. कारण एवढंच, की कराडला सिग्नल अजून अंगात जीव असताना पोचतो. सांगलीला तो गोंगाटाच्या जवळ येऊन ठेपलेला असतो, मग कितीही वाढवा.

आणि पोरांच्या शंभर अ‍ॅम्प्लिफायरांचं: 15-15 चे शंभर टप्पे लावले तर शेवटी 3 च्या जागी 20 वजा होतात. उरतात 18. सिग्नलची पॉवर तेव्हाही एक मिलिवॅटच असेल.

विट्याचा_जॉइंटर
सर, 58 कुठून आणलं?

टेंभूकाठ
त्या रंगाच्या प्रकाशकणाची ऊर्जा आणि गोंगाट मोजायची 0.1 नॅनोमीटरची खिडकी, या दोहोंतून तो आकडा निघतो. सुरुवातीची पॉवर एक मिलिवॅट धरल्यामुळे ती मिलिवॅटच्या मानाने शून्य डेसिबल, म्हणून हिशेबात दिसत नाही.

विट्याचा_जॉइंटर
पॉवरवरून आठवलं. एका ठिकाणी, नाव नको, आठ चॅनेलची लिंक होती. गिऱ्हाइकाचा एक चॅनेल बंद. मी फायबरच्या टोकाला मीटर लावला, पॉवर फुल. म्हटलं केबल चांगली आहे, बिघाड गिऱ्हाइकाच्या खोलीत. तीन तास त्याच्या पॅचकॉर्ड बदलत बसलो. शेवटी कळलं की पलीकडच्या टोकाला त्या एका चॅनेलचा लेझरच गेला होता. साधा मीटर सगळ्या रंगांची बेरीज दाखवतो. आठातला एक गेला तर आकडा अर्ध्या डेसिबलने हलतो, आणि तेवढा तर टोक नीट बसलं नाही तरी हलतो.

टेंभूकाठ
त्यात अ‍ॅम्प्लिफायर एकूण पॉवर कायम ठेवायच्या सेटिंगवर असेल तर तो अर्धाही दिसत नाही. मेलेल्या चॅनेलचा वाटा उरलेले सात वाटून घेतात. आठातले चार एकदम गेले तर उरलेल्या चारांची पॉवर दुप्पट होते. म्हणून चांगल्या यंत्रात एकूण पॉवर नव्हे, किती पट वाढवायचं ते कायम ठेवतात. अशा वेळी रंग सुटे करून दाखवणारं स्पेक्ट्रमचं यंत्रच लागतं. त्यावर चॅनेल सुळक्यांसारखे उभे दिसतात आणि गोंगाट त्यांच्या पायथ्याशी पठारासारखा.

शब्दप्रेमी_वाई
मी रिपीटर आणि प्रवर्धक यांची गल्लत केली, मान्य. पण मग संदेश वाचून ताजा लिहिणारा रिपीटरच चांगला नाही का? गोंगाट तिथेच संपतो. तो का सोडला?

टेंभूकाठ
पूर्वी तोच होता. 1988 च्या टीएटी-8 या अटलांटिकखालच्या केबलमध्ये वाटेत रिपीटरच होते. पण रिपीटरला एका वेळी एकच रंग वाचता येतो. चाळीस चॅनेल असतील तर कराडला रंग सुटे करा, चाळीस रिपीटर ठेवा, पुन्हा रंग एकत्र करा. एर्बियमचं वेटोळं चाळिसांना एकदम उचलतं, आतला संदेश काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रंगवार वाटणी खिशाला परवडली ती यामुळे.

ताई, मुलांना सातबाऱ्याचं उदाहरण द्या. तलाठ्याने वाचून, समजून हाताने उतरवलेली नक्कल म्हणजे रिपीटर. फिकट झेरॉक्सची गडद झेरॉक्स म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. अक्षरं गडद होतात, डागही गडद होतात.

मिरजेची_मास्तरीण
झेरॉक्सचं पोरांना लगेच कळेल. मग शब्द? मी 'उपसा' म्हणू का? टेंभू, म्हैसाळ सगळ्यांनी पाहिलंय. पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात, आणि पंप तर इथे आहेच. दोन अ‍ॅम्प्लिफायरमधल्या अंतराला 'टप्पा' आपोआप मिळतो.

शब्दप्रेमी_वाई
'टप्पा' उत्तम. 'उपसा' नको. उपसा म्हणजे विहीर रिकामी होणं आधी डोळ्यांसमोर येतं. शिवाय पंपगृहात पाणी गढूळ होत नाही, तुमचा प्रकाश होतो.

विट्याचा_जॉइंटर
आणि पाणी तेवढंच राहतं ना काका, फक्त उंची वाढते. इथं प्रकाशच जास्त होतो.

मिरजेची_मास्तरीण
बरं, आत्तापुरतं असं लिहिते: "अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक टप्प्यात प्रकाशाची घटलेली पॉवर भरून काढतो, सिग्नल आणि गोंगाट यांतलं कमी झालेलं अंतर मात्र भरून काढत नाही, उलट थोडं आणखी कमी करतो."

शब्दप्रेमी_वाई
'भरून काढतो' म्हणजे भरपाईच झाली की पुन्हा.

टेंभूकाठ
पण कशाची ते आता सांगितलंय.

पलूसचा_ऊसवाला
कनेक्टर पुसला पोराने, उणे 22 आला. दिवा हिरवा. वाटणीचं वाचतोय सावकाश.