प्रति: रील प्रोफाइलवर आहे, पण कुणाला सुचवली जात नाही

> रील प्रोफाइलवर नीट दिसतेय, म्हणजे नियम मोडलेला नाही. मग नवीन लोकांपर्यंत का जात नाही?

नियम मोडलेला नसेलही, पण इन्स्टाग्रामवर नियमांचे दोन थर आहेत. पहिला मोडला की रील थेट काढून टाकतात. दुसरा थर शिफारशींचा, आणि तो जास्त कडक आहे. तिथे अडकलेली रील प्रोफाइलवर राहते, फॉलोअर्सना दिसू शकते, फक्त अनोळखी लोकांना सुचवली जात नाही. सेटिंग्जमध्ये Account Status उघडून बघा. शिफारशीला अपात्र ठरवलेली पोस्ट तिथे दिसते आणि फेरतपासणी मागता येते.

वर सगळे हॅशटॅगवर बोलताहेत, पण वॉटरमार्कचा विषय कुणी काढला नाही. माझ्या मैत्रिणीने नाचाची रील दुसऱ्या अ‍ॅपवरून डाउनलोड करून जशीच्या तशी इथे टाकली होती. कोपऱ्यात त्या अ‍ॅपचा लोगो स्पष्ट दिसत होता. इनसाइट्स उघडले तर बघणारे जवळपास सगळे फॉलोअर्सच. असा लोगो दिसणारी रील शिफारशीत घेत नाहीत. कॅप्शन बदलून उपयोग नसतो, कारण व्हिडिओ तोच राहतो. फोनमधली मूळ, लोगो नसलेली फाइल नव्याने टाकावी लागते. तिने तेच केलं आणि फॉलोअर नसलेल्यांचा आकडा हलू लागला. तुमच्या रीलवर असे थोडे का होईना प्रेक्षक असतील, तर मात्र ती बहुधा अडवलेली नाही. लोक पहिल्या काही सेकंदांतच पुढे सरकताहेत का, ते तपासा.