लवकर पैसे दिल्यास २ टक्के सूट: हिशेब कसा करावा

> "रबाळ्याचं गिऱ्हाईक म्हणतंय, ३० दिवसांऐवजी १० दिवसांत पैसे देतो, २ टक्के सोडा. दोनच टक्के तर आहेत, द्यावी का सूट?"

दोन टक्के लहान वाटतात, कारण आपण ते वर्षाच्या व्याजाशी ताडून पाहत नाही. बिल १,००,००० रुपयांचे धरले, तर ९८,००० रुपये आपल्याला फक्त २० दिवस आधी मिळतात आणि त्यासाठी आपण २,००० रुपये मोजतो. (पुष्कळ जण इथे ३० दिवस धरतात; ती चूक आहे.) २,००० भागिले ९८,००० आणि त्याला ३६५ भागिले २० ने गुणले, की वार्षिक दर सुमारे ३७ टक्के येतो. तीच रक्कम १२ टक्क्यांच्या ओव्हरड्राफ्टमधून २० दिवस वापरली, तर व्याज साधारण ६४४ रुपये होते.

मात्र गिऱ्हाईक प्रत्यक्षात कधी पैसे देते, हे जुन्या खातेवहीत पाहावे. ते नेहमी ७२ दिवसांच्याही पुढे जात असेल, तर ओव्हरड्राफ्टचे व्याजच २,००० रुपयांवर जाते आणि सूट परवडते. पण तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर कायद्याने ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही आणि उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते.

सूट दिलीतच, तर "दहाव्या दिवसापर्यंत रक्कम खात्यात जमा झाल्यास" असे बिलावरच लिहा. नाहीतर अठराव्या दिवशी पैसे पाठवूनही २ टक्के कापले जातात.