स्कूटरचं मागचं चाक घरी काढणे : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-103 : नमस्कार मंडळी. स्कूटरच्या मागच्या चाकात खिळा घुसलाय, हवा पूर्ण गेलीय. गाडी बेसमेंटमध्ये आहे, ढकलत नेली तर ट्यूब फाटेल. चाक काढून तेवढंच पंक्चरला न्यायचं म्हणतोय. बाइकसारखा ॲक्सल ओढून काढायचा, की काही वेगळं असतं?

सी-502 : आधी एक सांगा, टायर ट्यूबलेस आहे का? असेल आणि खिळा मधल्या भागात असेल तर चाक काढायची गरजच नाही, बाहेरून वात भरता येते.

ए-103 : नाही दादा, ट्यूबचाच आहे. दहा इंची चाक, सायलेन्सर उजवीकडे, शॉकअप फक्त डावीकडे एकच.

बी-204 : मग चाक काढावं लागेल. बाइकसारखा आरपार ॲक्सल यात नसतो. स्कूटरचं इंजिन, बेल्टचा डबा आणि मागचा गिअर हा एकच सांगाडा असतो, आणि तोच चाकाबरोबर वर-खाली झुलतो. गिअरच्या डब्यातून उजवीकडे एक शाफ्ट बाहेर आलेला असतो, त्यावर लांबट खाचा असतात. चाकाच्या मधल्या भोकातही तशाच खाचा. चाक त्या शाफ्टवर सरकवून बसवलेलं असतं आणि बाहेरून एकच मोठा नट लावलेला असतो. चेन नाही, स्प्रॉकेट नाही. नट काढला की चाक उजवीकडे सरकून बाहेर येतं. वाटेत एकच अडथळा, सायलेन्सर.

ए-103 : काका, सायलेन्सर पूर्ण काढायलाच हवा का? मागचे बोल्ट काढून नुसता खाली वाकवला तर?

बी-204 : तसं करू नका. मागचे बोल्ट काढल्यावर सगळं वजन इंजिनच्या तोंडाशी असलेल्या दोन बारीक स्टडवर येतं. वाकवलं की तिथलं गॅस्केट एका बाजूने दबतं आणि पुन्हा घट्ट केलं तरी गळतं. मग ॲक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज येतो आणि जोडाभोवती काळी काजळी धरते. पूर्ण काढायला दहा मिनिटं जास्त लागतील, तेवढी द्या.

डी-301 : आणि सायलेन्सर पूर्ण थंड असू द्या. तोंडाशी असलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा. त्या स्टड बारीक असतात, गंजलेल्या नटावर जोर केला की तुटतात आणि एका पंक्चरचं इंजिनचं काम होऊन बसतं. नट फिरायला लागला पण जड वाटला तर एकदम सोडवू नका. अर्धा आटा सोडा, पाव आटा परत घट्ट करा, पुन्हा तेल, असं पुढे-मागे करत आणा. नटाबरोबर स्टडच बाहेर आली तर घाबरायचं कारण नाही, ती परत बसवता येते.

ए-103 : पाने कुठले लागतील?

बी-204 : तोंडाच्या नटांना बहुतेक 10 किंवा 12 चा, सायलेन्सरच्या मोठ्या बोल्टना 12 किंवा 14 चा. चाकाच्या नटाला गाडीप्रमाणे 19, 22 किंवा 24 चा सॉकेट. सॉकेट आधी लावून बघा, डुगडुगता पाना लावलात तर नटाचे कोपरे जातील. शिवाय लांब दांडा, लाकडी फळी आणि पुढच्या चाकाला लावायला दोन विटा.

आता क्रम सांगतो.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. मागची हवा गेलेली असल्यामुळे गाडी खाली बसलेली असते आणि स्टँडला चढता चढत नाही. मागचं चाक दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या फळीवर घ्या, मग सहज चढेल. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा.

सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याच्या वायरचा कनेक्टर आधी सोडवा, नाहीतर सायलेन्सर त्या वायरवर लोंबकळेल. मग तोंडाचे दोन नट काढा. मोठे बोल्ट तोवर तसेच ठेवा, वजन त्यांच्यावर असू द्या. शेवटी एका हाताने सायलेन्सर धरून मोठे बोल्ट काढा आणि बाहेर घ्या. इंजिनच्या तोंडात जुनं गोल गॅस्केट चिकटून राहतं, ते बोटाने चाचपून बघा आणि काढा. ते न काढता नवं बसवलं तर दोन गॅस्केट एकावर एक होतात आणि जोड कधीच नीट बसत नाही. सायलेन्सर लावेपर्यंत इंजिन चालू करू नका.

सी-502 : इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चाकाचा मोठा नट गाडी स्टँडवर असताना सोडवायला जाऊ नका. या गाडीत गिअर टाकून चाक अडवता येत नाही. इंजिन बंद असलं की क्लच सुटलेला असतो, चाक मोकळं फिरतं. अडवणार फक्त मागचा ब्रेक. म्हणून गाडी स्टँडवरून खाली घ्या, एकाने सीटवर बसून डाव्या हाताचा ब्रेक घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने दांड्याला जोर द्यायचा. स्टँडवर असताना लांब दांडा ओढला तर गाडी अंगावर येईल.

ए-103 : आटे नेहमीसारखेच ना?

सी-502 : हो, उजव्या बाजूने बघताना घड्याळाच्या उलट फिरवायचा. नट जेमतेम ढिला झाला की थांबा, गाडी परत स्टँडला लावा, मग पूर्ण काढा. वायसर कुठली बाजू बाहेर होती, त्याचा फोटो काढून ठेवा.

बी-601 : आमच्या गाडीला उजवीकडेही शॉकअप आणि एक हात आहे. मग?

बी-204 : ताई, तुमच्यात सायलेन्सरनंतर उजव्या शॉकअपचा खालचा बोल्ट काढून तो हातही काढावा लागतो. चाकाचा टोकाचा भाग त्या हातातल्या बेअरिंगमध्ये असतो. डावा शॉकअप इंजिन धरून ठेवतो, त्याला हात लावायचा नाही.

ए-103 : नट काढला. चाक हलत नाही काका. हातोडीने शाफ्टच्या टोकावर ठोकू?

बी-204 : अजिबात नको! टोकाचे आटे बसतील आणि धक्का सरळ गिअरच्या बेअरिंगवर जाईल. आधी ब्रेक सैल करा. ब्रेकची केबल किंवा रॉड जिथे संपते तिथला ॲडजस्टिंग नट दहा-बारा आटे मोकळा करा. ड्रम आतून झिजलेला असला की कडेला ओठ तयार होतो आणि लायनर त्यात अडकतात, म्हणून चाक येत नाही. त्यानंतरही हललं नाही तर खाचांमध्ये गंज आहे. शाफ्टच्या टोकाशी थोडंसंच तेल सोडा, ड्रमच्या दिशेने फवारा मारू नका. थोड्या वेळाने दोन्ही हातांनी चाक धरून वर-खाली, डावी-उजवी हलवत बाहेर ओढा. डाव्या बाजूने टायरवर रबरी हातोडीचे हलके ठोके द्या, दर ठोक्याला चाक थोडं फिरवत.

ए-103 : आलं! मडगार्डला अडत होतं, गाडी दुसऱ्याकडून जरा डावीकडे कलती करून घेतली.

डी-301 : छान. आता चाक बाहेर असेपर्यंत डावा ब्रेक कोणीही दाबू नका, मुलांनाही सांगून ठेवा. आत ड्रम नाही, त्यामुळे दोन्ही लायनर फाकतील आणि स्प्रिंग उडेल. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. शाफ्टच्या बुडाशी तेलकट ओल दिसते का?

ए-103 : कोरडं आहे. लाइनरपण बरे दिसताहेत.

डी-301 : उत्तम. ओल असती तर गिअरचं ऑइल सीलमधून येतंय असा अर्थ, आणि ते लायनरवर गेलं की ब्रेक लागत नाही. तेल प्यालेले लायनर पुसून उपयोग नसतो, सील आणि लायनर दोन्ही बदलावे लागतात.

सी-502 : पंक्चरवाल्याकडे चाक दिलंत की दोन गोष्टी बघून घ्या. हवा नसताना गाडी थोडी जरी ढकलली असेल तरी ट्यूब रिमच्या कडेने चावली जाते, त्यामुळे खिळ्याच्या भोकाशिवाय आणखी चिरा असू शकतात. दोनपेक्षा जास्त ठिकाणी हवा जात असेल किंवा भोक वाल्वच्या बुडाशी असेल तर पॅच लावू नका, नवी ट्यूब घ्या. दुसरी गोष्ट, टायरच्या आतून फडकं फिरवा. फडकं अडलं की तिथे काही तरी टोक आहे. खिळा काढला तरी बारीक तार राहिली तर नवी ट्यूबही जाईल. आणि टायरच्या बाजूवर बाण असतो, तो पुढे फिरण्याच्या दिशेचा. चाक उलटं बसू शकत नाही, पण टायर उलटा चढू शकतो.

ए-103 : झालं, एकच भोक होतं, पॅच लावला. आतून एक तारही निघाली. आता बसवताना?

बी-204 : शाफ्टच्या आणि चाकाच्या खाचा कोरड्या फडक्याने साफ करा. शाफ्टवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, पुढच्या वेळी चाक अडकणार नाही. जास्त झालं तर फिरताना उडून ड्रममध्ये जाईल. पूर्ण हवा भरलेला टायर मडगार्डमधून जात नसेल तर थोडी हवा काढा, नंतर भरा. खाचांत खाचा जुळेपर्यंत चाक हळूहळू फिरवत आत ढकला. हाताने पूर्ण बसलं पाहिजे, नट आवळून ओढून बसवायचं नाही. मग वायसर, आणि नट पहिले चार-पाच आटे हातानेच.

पुन्हा गाडी खाली, ब्रेक नीट लागेल इतपत ॲडजस्ट करून कोणीतरी दाबून धरा, आणि नट घट्ट करा. बऱ्याच स्कूटरना इथे 100 ते 120 न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा.

ए-103 : टॉर्क रेंच नाही माझ्याकडे.

सी-502 : तर अंदाज असा धरा. 30 सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकावर 40 किलोचा भार आला की जवळपास 118 न्यूटन-मीटर होतात. पण हा अंदाजच, पहिल्या संधीला टॉर्क रेंचने तपासून घ्या. नट सैल राहिला तर चाक खाचांवर किंचित पुढे-मागे आदळत राहतं. ॲक्सिलरेटर देताना आणि ब्रेक मारताना टक्क असा आवाज येतो, नटाभोवती तांबूस भुकटी दिसते. तेवढ्यावर लक्ष गेलं नाही तर हबच्या खाचा खाल्ल्या जातात, मग चाकच बदलावं लागतं. नट स्वतः अडकून राहणारा असेल आणि हाताने शेवटपर्यंत सहज फिरत असेल तर तो थकलाय, नवा घ्या.

डी-301 : सायलेन्सरला नवं गॅस्केट. सगळे नट-बोल्ट आधी हाताने लावा. मग तोंडाचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करा आणि मोठे बोल्ट शेवटी. उलटं केलंत तर पाइप ताणून बसतो आणि स्टडवर कायमचा ताण राहतो. सेन्सरची वायर विसरू नका.

ए-103 : लावलं सगळं. ब्रेक किती ठेवू?

बी-204 : डावा लिव्हर टोकाशी दोन सेंटीमीटरच्या आसपास मोकळा हलावा, नक्की माप मॅन्युअलमध्ये मिळेल. ब्रेक सोडून चाक हाताने फिरवा, घासल्याचा आवाज नको. कॉम्बी ब्रेक असेल तर पुढचाही डाव्या लिव्हरने नीट लागतो ना, तेही बघा. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. पहिली चक्कर आवारातच हळू मारा, एक-दोन दिवसांनी नट पुन्हा तपासा. नट आणि शाफ्टच्या टोकावर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवा, नट सरकला की रेघ तुटलेली दिसते.

बी-601 : हा मेसेज पिन करा कोणीतरी.